सिराकौटिल्य : पायांतील झडपा निकामी झाल्यावर काय घडते

"दिवसभर काही नाही, पण संध्याकाळी पाय शिशाचे होतात," अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण प्रत्येक चिकित्सकाच्या परिचयाचे आहेत. पोटऱ्या भरून येतात, घोट्याशी मोज्याची कडा रुतते, रात्री गोळे येतात आणि पाय उशीवर ठेवून पडले की अर्ध्या तासात बरे वाटते. हा इतिहास ऐकून आपण रुग्णाला तपासणीच्या मंचावर झोपवतो, गुडघे तपासतो, कंबर तपासतो, पाय सरळ उचलून गृध्रसीची परीक्षा करतो आणि विशेष काही आढळत नाही असे म्हणून वातशामक औषध लिहून देतो. हे निदान हुकण्याचे कारण अगदी साधे आहे. फुगलेल्या सिरा रुग्ण झोपताच रिकाम्या होतात आणि दिसेनाशा होतात. या व्याधीची तपासणी उभ्या रुग्णावरच करावी लागते. रुग्णाला दोन-तीन मिनिटे उजेडात उभे करून पाय मांडीपासून टाचेपर्यंत उघडा पाहिला, की त्वचेखाली नागमोडी वळणे घेणाऱ्या निळसर-हिरव्या दोऱ्या आपोआप समोर येतात.

आपल्या महाविद्यालयांतून या विकाराला सिराकौटिल्य म्हटले जाते. जनसामान्य त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणूनच ओळखतात. सिरा वाकड्या का होतात, हा प्रश्न मात्र बहुधा मागेच राहतो. तो समजून घेतल्यास लक्षणांचा अर्थ लागतो आणि कोणत्या उपचाराने काय साधेल व काय साधणार नाही, हेही स्पष्ट होते. म्हणून प्रस्तुत लेखात सिरांतील झडपा या एकाच विषयाचा विचार करावयाचा आहे.

लहान दारे

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सिरांना बागेतील पाटाची आणि शेतातील कालव्यांची उपमा दिली आहे. नाभीपासून निघालेल्या सिरा सर्व देहाचे पोषण करतात, असे ते वर्णन आहे. या उपमेत प्रवाह मध्याकडून परिघाकडे जातो. परतीच्या प्रवाहाचा आणि त्याला एकाच दिशेने नेणाऱ्या दारांचा उल्लेख त्यात नाही. तेव्हा झडपांचे ज्ञान ग्रंथांत ओढूनताणून दाखविण्याची गरज नाही. ते ज्ञान कसे मिळाले, ही कथा स्वतंत्रपणे रोचक आहे.

इटलीतील पाडुआ येथील शारीरतज्ज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये सिरांतील झडपांवर एक सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांनी या रचनांना 'लहान दारे' असे लॅटिन नाव दिले. परंतु रक्त सिरांतून हातापायांकडे वाहते, असा त्या काळाचा समज असल्याने, रक्त एकदम खाली कोसळू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले असावेत, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा अर्थ उलटा केला. दारे रक्ताला थोपवून धरण्यासाठी नसून ते हृदयाकडेच जावे, मागे फिरू नये यासाठी आहेत, हे त्यांनी हाताला पट्टा बांधून दाखविले.

हा प्रयोग वाचक आपल्या हातावर आत्ताच करू शकतील. हात खाली लोंबकळता सोडून मनगटावरील किंवा हाताच्या पाठीवरील एखादी सरळ, ठळक सिरा निवडावी. तिच्या बोटांकडील टोकावर एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराच्या दिशेने रक्त सारून न्यावे. आता वरचे बोट उचलले तरी, मध्ये झडप असल्यास, सिरेचा तो तुकडा रिकामाच राहतो. वरचे रक्त झडपेपाशी येऊन थबकते आणि त्या जागी लहानशी गाठ उमटते. खालचे बोट उचलताच तुकडा क्षणात भरतो. पायातील व्याधी म्हणजे या प्रयोगात वरचे बोट उचलताच रक्त खाली धावत येणे, इतकेच आहे.

प्रत्येक झडपेला दोन पाकळ्या असतात. सिरेच्या आतल्या पातळ अस्तराची घडी पडून त्या बनतात. त्यांत थोडे संयोजी तंतू असतात, स्नायू नसतो. अर्थात झडप स्वतः उघडत वा मिटत नाही. खालून रक्ताचा रेटा आला की पाकळ्या भिंतीला चिकटतात, आणि वरून रक्त परतू लागले की त्यांच्या खिशांत रक्त भरून त्या मध्यभागी एकमेकींना भिडतात. पायांच्या सिरांत अशा झडपा ठिकठिकाणी असून गुडघ्याखाली त्यांची संख्या अधिक असते. उदरातील महासिरेत मात्र झडप नसते. म्हणून उभ्या माणसाच्या जांघेतील शेवटच्या झडपांवर हृदयापर्यंतच्या रक्तस्तंभाचा भार येतो आणि खोकताना, शिंकताना वा कुंथताना वाढणारा पोटातील दाबही तेथेच आदळतो.

रक्तस्तंभाचा भार आणि पोटरीचा पंप

हा भार किती असतो, ते मोजून पाहता येते. रक्ताच्या सुमारे १.२८ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या एक मिलिमीटरइतका असतो. मध्यम उंचीच्या व्यक्तीत हृदय घोट्यापासून साधारण ११५ सेंटिमीटर वर असते. म्हणजे ती व्यक्ती निश्चल उभी असताना घोट्यातील सिरेत सुमारे ९० मि.मी. दाब असतो. झोपलेल्या अवस्थेत तोच दाब दहा-पंधरा मि.मी.पर्यंत उतरतो. हा ९० मि.मी. दाब निरोगी व्यक्तीतही असतोच, कारण निश्चल उभे राहिल्यावर काही वेळाने सर्व झडपा उघड्या होऊन रक्तस्तंभ अखंड होतो. निरोगी आणि रोगी पायातला फरक चालू लागल्यावर दिसतो.

पायातील सिरांचे दोन थर मानावेत. गंभीर सिरा स्नायूंच्या मध्ये, दृढ आवरणाच्या आत असतात आणि पायातील सुमारे नऊ दशांश रक्त त्याच वाहून नेतात. उत्तान सिरा त्वचेखालच्या मेदात असतात. त्यांतील मुख्य दोन. दीर्घ सॅफेनस सिरा आतील घोट्याच्या पुढून निघून पोटरी व मांडीच्या आतल्या बाजूने जांघेत जाऊन गंभीर सिरेला मिळते. लघु सॅफेनस सिरा बाहेरील घोट्याच्या मागून पोटरीच्या मध्यावरून वर जाऊन बहुधा गुडघ्यामागील खळग्यात मिळते. या दोन थरांना जोडणाऱ्या आखूड सिरा स्नायूंचे आवरण भेदून जातात. त्यांना छेदक सिरा म्हणू. त्यांतील झडपा रक्ताला बाहेरून आत, म्हणजे उत्तान थरातून गंभीर थराकडेच जाऊ देतात.

पाऊल टाकताना पोटरीचे स्नायू आकसतात, तेव्हा दृढ आवरणात कोंडलेल्या गंभीर सिरा पिळल्या जातात आणि त्यांतील रक्त वर फेकले जाते. स्नायू सैल पडताच त्या रिकाम्या सिरांत वरून रक्त येऊ शकत नाही, कारण झडपा मिटतात. ते उत्तान थरातून, छेदक सिरांवाटे आत ओढले जाते. दहा-वीस पावलांत घोट्यातील दाब ९० वरून तिसाच्या किंवा त्याहूनही खाली येतो. चालणे थांबविल्यावर सिरा पुन्हा धमनीकडून, केशवाहिन्यांतून हळूहळू भरतात आणि त्याला वीस सेकंदांहून अधिक काळ लागतो. झडपा निकामी असलेल्या पायात दाब पुरेसा उतरत नाही आणि जो उतरतो तो काही सेकंदांतच पुन्हा चढतो, कारण सिरा खालून थेंबाथेंबाने नव्हे, तर वरून धबधब्यासारख्या भरतात. चालूनही न उतरणारा हा दाबच या व्याधीचे मूळ होय. पाय जड वाटणे, सूज येणे, त्वचा काळवंडणे आणि व्रण होणे ही त्याचीच क्रमाक्रमाने येणारी फळे आहेत.

झडप आधी की भिंत आधी?

पूर्वी असे मानले जाई, की जांघेतील सर्वांत वरची झडप प्रथम निकामी होते, तिचा भार खालच्या झडपेवर पडतो आणि एकामागून एक झडपा कोसळत विकार खाली उतरतो. काही रुग्णांत तसे घडतेही. पण डॉपलर सोनोग्राफीने पाय तपासले जाऊ लागल्यापासून असे अनेक रुग्ण आढळले, ज्यांच्या जांघेतील झडप उत्तम होती आणि पोटरीतील सिरा मात्र फुगलेल्या होत्या. यावरून आज असा विचार दृढ झाला आहे, की पुष्कळांत दोष प्रथम सिरेच्या भिंतीत उत्पन्न होतो. तेथील तंतूंचे प्रमाण बिघडते, स्नायुपेशींची मांडणी विस्कटते, भिंत सैल पडते आणि सिरा रुंदावते.

सिरा रुंदावल्याने झडप का निकामी व्हावी, हे समजण्यास दोन फळ्यांच्या दाराचे उदाहरण पुरे आहे. चौकट फाकली तर फळ्या शाबूत असूनही मध्ये फट राहते. पाकळ्यांच्या कडा सिरेच्या व्यासापेक्षा थोड्या लांब असतात, म्हणून काही काळ ती फट भरून निघते. व्यास त्यापलीकडे गेला की कडा भिडतच नाहीत. येथून दुष्टचक्र सुरू होते. फटीतून रक्त खाली येते, खालच्या भागात दाब वाढतो, तेथील सिरा रुंदावते, पुढची झडप फाकते. शिवाय नळीच्या भिंतीवरील ताण दाबाच्या व व्यासाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जी सिरा आधीच रुंद, तिच्यावरच ताण अधिक आणि तीच पुढे अधिक ताणली जाते. ती रुंदीबरोबर लांबीतही वाढते. दोन्ही टोके जागच्या जागी आणि मधली लांबी वाढलेली, म्हणून तिला वळणे घ्यावी लागतात. कौटिल्य ते हेच.

आईवडिलांपैकी कोणास हा विकार असणे, वाढते वय, स्थौल्य, दीर्घकाळ उभे राहण्याचा व्यवसाय आणि गर्भधारणा ही याची ज्ञात कारणे आहेत. गर्भधारणेविषयी एक समज दूर करणे आवश्यक आहे. सिरा केवळ गर्भाशयाच्या दाबाने फुगतात असे नाही. पहिल्या तिमाहीत, गर्भाशय लहान असतानाच त्या फुगू लागतात, कारण प्रोजेस्टेरॉनमुळे भिंती सैलावतात आणि रक्ताचे आकारमानही वाढते. प्रसूतीनंतर तीन-चार महिन्यांत यांतील पुष्कळशा सिरा ओसरतात. तोपर्यंत दाबमोजे आणि विश्रांती यांपलीकडे काही करण्याची घाई करू नये.

आपल्या संहितांकडे पाहता दोन स्थळे विचारार्ह आहेत. सुश्रुताच्या निदानस्थानात सिरागत वाताच्या लक्षणांत सिरांचे आकुंचन आणि पूरण सांगितले आहे, आणि चरकाच्या वातव्याधी चिकित्साध्यायात मंद वेदना, शोथ व सिरांचे मोठे होणे यांचा निर्देश आहे. संध्याकाळचा जड, मंद ठणका आणि भरलेल्या सिरा यांच्याशी हे वर्णन चांगले जुळते. दुसरे स्थळ सिराजग्रंथीचे. दुर्बलाने अतिश्रम केल्याने वायू सिरांना पीडित करून ग्रंथी उत्पन्न करतो, असे तेथे म्हटले आहे आणि काही लेखक त्यालाच सिराकौटिल्य मानतात. लेखकाच्या मते हे समीकरण अर्धवट जुळते. सिराजग्रंथी ही गाठ म्हणून वर्णिली आहे, तर येथे संपूर्ण मार्ग बिघडलेला असतो. व्यान वायूच्या गतीचे वैगुण्य आणि प्रतिलोम गती या दृष्टीने विचार केल्यास झडपांच्या अपयशाचे आकलन अधिक सरळ होते.

एका रुग्णेचा वृत्तान्त

वय ४३ वर्षे, खानावळीत पोळ्या करण्याचा व्यवसाय, रोज सात-आठ तास एका जागी उभे राहणे. तीन प्रसूती. आईच्या पायांनाही अशाच सिरा होत्या. दोन वर्षांपासून डावा पाय संध्याकाळी जड होई व ठणके. अन्यत्र गृध्रसी समजून कटिबस्ती व पायास पिंडस्वेद झाला होता. कंबरेस बरे वाटले, पण पायाचा जडपणा स्वेदनानंतर वाढत असे. ही एक गोष्टच बोलकी होती. उष्णतेने उत्तान सिरा आणखी विस्फारतात, म्हणून सिराजन्य वेदना उन्हाळ्यात आणि शेकाने वाढते, तर पाय वर घेतल्याने शमते. गृध्रसीची वेदना कंबरेतून किंवा नितंबातून निघून ठराविक मार्गाने खाली जाते आणि पाय सरळ उचलल्यावर वाढते. तिचा घड्याळाशी असा संबंध नसतो. धमनी अवरोधाची वेदना काही अंतर चालल्यावर येते, उभे राहिल्याने थांबते आणि पाय वर घेतल्याने उलट बळावते.

रुग्णेला उभे करून पाहता डाव्या मांडीच्या आतील भागापासून पोटरीपर्यंत करंगळीएवढी जाड, वळणदार सिरा होती. आतील घोट्याच्या वर दोन बोटे रुंदीचा तपकिरी डाग, दाबल्यास खड्डा पडणारी किंचित सूज. घोट्याचा घेर डावीकडे २४.५ आणि उजवीकडे २२.५ सेंटिमीटर. खोकण्यास सांगून जांघेत बोट ठेवले असता धक्का जाणवला.

त्यानंतर ट्रेंडेलेनबुर्ग परीक्षा केली. रुग्णेला झोपवून पाय उंच धरला, सिरा वरच्या दिशेने सारून रिकाम्या केल्या आणि जांघेच्या किंचित खाली रबरी पट्टा बांधून तिला उभे केले. अर्धा मिनिट सिरा जवळजवळ रिकाम्याच राहिल्या. पट्टा सोडताच पाचेक सेकंदांत त्या वरून खाली भरल्या. याचा अर्थ, गळती जांघेतील संगमापाशी आहे आणि छेदक सिरा बहुतांशी समर्थ आहेत. पट्टा असतानाच सिरा खालून झपाट्याने भरल्या असत्या, तर छेदक किंवा लघु सॅफेनस सिरेचा दोष समजला असता. येथे एक सावधगिरी हवी. निरोगी सिराही खालून भरतच असतात, मात्र सावकाश. म्हणून हातात घड्याळ नसेल तर ही परीक्षा करू नये.

डॉपलर सोनोग्राफीत दीर्घ सॅफेनस सिरेचा व्यास मांडीच्या मध्यावर ८ मि.मी. भरला. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त साडेतीन सेकंद उलटे वाहत होते. उत्तान सिरेत अर्ध्या सेकंदाहून अधिक उलट प्रवाह विकृत मानतात. गंभीर सिरा खुल्या व समर्थ होत्या. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. गंभीर सिरा पूर्वीच्या रक्तगुठळीने बंद असेल, तर फुगलेल्या उत्तान सिरा हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असतो आणि तो बंद केल्यास पाय धोक्यात येतो. एकाच पायात अल्पावधीत सिरा फुगणे, झोपल्यावरही त्या न ओसरणे, किंवा सिरा जांघेवरून ओटीपोटाकडे चढलेल्या दिसणे, ही अशा अवरोधाची चिन्हे आहेत. त्यांत पोट व श्रोणी यांचीही तपासणी करावी.

दाबमोजे देण्यापूर्वी घोट्यातील धमनीचा दाब डॉपलरने मोजला. दंडातील १३० आणि घोट्यातील १३६, म्हणजे गुणोत्तर सुमारे १.०५. हे गुणोत्तर ०.८ हून कमी असल्यास घट्ट मोजा धमनीचाच प्रवाह रोखू शकतो; मधुमेही व धूम्रपानी रुग्णांत याचा विसर पडता कामा नये. रुग्णेला घोट्याशी २० ते ३० मि.मी. दाब देणारा, वर क्रमाने सैल होणारा मोजा दिला. तो सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडण्यापूर्वीच चढवावयाचा असतो. दुपारी सूज आल्यावर चढविलेला मोजा त्रास देतो आणि मग तो कपाटात पडून राहतो. खानावळीत दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा उचलणे, पोळ्या लाटण्याचे अर्धे काम उंच स्टुलावर बसून करणे आणि रात्री पलंगाची पायाकडील बाजू दोन विटांनी उचलणे, एवढे बदल सुचविले. स्थौल्यासाठी लंघन आणि मलावष्टंभासाठी मृदू अनुलोमन दिले. स्वेदन बंद केले. तेल केवळ हलक्या हाताने, पावलाकडून मांडीकडे लावण्यास सांगितले.

सहा आठवड्यांत जडपणा पुष्कळ कमी झाला. मात्र उभे राहताच सिरा पूर्वीसारख्याच भरत. त्यात आश्चर्य नाही, कारण मोजा बाहेरून आधार देतो, झडप जुळवीत नाही. त्वचा काळवंडू लागलेली असल्याने रुग्णेला शल्यचिकित्सकाकडे पाठविले. स्थानिक बधिरीकरणात लेसरची तार सिरेत घालून, जांघेतील संगमाच्या दोन सेंटिमीटर अलीकडून खाली, सिरा आतून भाजून बंद करण्यात आली. ती त्याच दिवशी चालत घरी गेली. आठवडाभर मांडीच्या आत दोरी ताणल्यासारखे वाटले, ते ओसरले. तीन महिन्यांनी घोट्याचा घेर २३ सेंटिमीटर होता. तपकिरी डाग मात्र तसाच आहे.

सिरा बंद केली तर रक्त जाणार कोठून?

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि त्याचे उत्तर वैद्याला देता आले पाहिजे. जर्मन शल्यविद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले, की बिघडलेल्या दीर्घ सिरेतील रक्त हृदयाकडे जातच नाही. ते गंभीर सिरेतून वर चढते, जांघेत फुटक्या दारातून उत्तान सिरेत कोसळते, खाली येऊन छेदक सिरांवाटे पुन्हा गंभीर सिरेत शिरते आणि पुन्हा वर चढते. गळक्या नळावर चालणाऱ्या रहाटासारखे हे फुकटचे भ्रमण आहे. ती सिरा बंद केल्याने पायाचा मार्ग जात नाही, उलट गंभीर सिरेवरील व्यर्थ भार उतरतो. इंग्लंडमधील नाईस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात लेसर वा रेडिओलहरींनी सिरा बंद करणे हा प्रथम पर्याय, फेस टोचून सिरा बंद करणे हा दुसरा आणि शस्त्रक्रिया हा तिसरा, असा क्रम आहे. व्रण असलेल्या रुग्णांतही वाट पाहू नये, असे ब्रिटनमधील २०१८ च्या एका चाचणीने दाखविले. ४५० रुग्णांच्या त्या चाचणीत पट्टबंधनाबरोबर गळकी सिरा लवकर बंद केली, तेव्हा व्रण भरण्याचा मध्यकाल ५६ दिवस, आणि ती क्रिया लांबणीवर टाकली तेव्हा ८२ दिवस आढळला. तरीही, भिंतीचा दोष कायम असल्याने काही वर्षांनी इतर सिरा फुगू शकतात, हे रुग्णाला आधीच सांगावे.

आपल्या औषधांविषयीही स्पष्ट बोलावे. मंडूकपर्णीच्या सत्त्वाचा सूज व जडपणा यांवरील परिणाम अभ्यासला गेला आहे आणि सहचरादी तेल व काढा दक्षिणेत परंपरेने वापरले जातात. लक्षणांत उपशय मिळू शकतो. परंतु फाकलेली झडप पुन्हा जुळवील असे औषध आज कोणत्याही पद्धतीत नाही. जलौकावचरणाने व्रणाभोवतीचा रक्तसंचय व वेदना तात्पुरती उतरते. पण गळती चालू असेपर्यंत सिरा पुन्हा भरणारच. जळू फुगीर सिरेवर थेट लावू नये, ती शेजारच्या त्वचेवर लावावी, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत हा उपक्रम टाळावा. पोटरी अचानक एका बाजूला सुजली, गरम व दुखरी झाली, तर अभ्यंग, मर्दन, स्वेदन सर्व थांबवून प्रथम गंभीर सिरेतील गुठळी नाही याची खात्री करावी. मर्दनाने सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन प्राण घेऊ शकते.

शेवटी एका प्रसंगाची तयारी प्रत्येक रुग्णाच्या घरी हवी. घोट्याजवळ पातळ, निळ्या त्वचेखाली फुगलेली सिरा खाजवल्याने किंवा गरम पाण्याने आंघोळ करताना अकस्मात फुटते. उभ्या अवस्थेत आतला दाब ९० मि.मी. असल्याने रक्ताची चिळकांडी उडते, दुखत मात्र नाही. घाबरून रुग्ण खुर्चीवर बसतो, घरची माणसे वर दोरी आवळतात, आणि दोन्हींमुळे रक्तस्राव वाढतो; एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे यात मृत्यू झाले आहेत. रुग्णाने तत्क्षणी जमिनीवर आडवे पडावे, पाय भिंतीला टेकवून हृदयाच्या वर घ्यावा आणि फुटलेल्या जागी स्वच्छ कापडाची घडी बोटाने दाबून धरावी. पाय वर जाताच आतला दाब उतरतो आणि दहा मिनिटांच्या अखंड दाबाने रक्त थांबते. त्यानंतर पट्टबंधन करून, पाय उंच ठेवूनच रुग्णाला रुग्णालयात न्यावे.